डेक्साचा अहवाल कसा लावावा: जागेनुसार आकडे, एकच वर्गीकरण आणि समजेल असा फ्रॅक्चरचा धोका

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्रातून निघणाऱ्या कागदावर आकडे भरपूर असतात. कमरेच्या मण्यांचे वेगवेगळे आकडे, त्यांची बेरीज, खुब्याचे चार-पाच भाग, प्रत्येकापुढे टी-स्कोअर, म्हणजे तरुणांच्या सरासरीशी तुलना, आणि झेड-स्कोअर, म्हणजे समवयस्कांच्या सरासरीशी तुलना, शिवाय हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचा आलेख. हा कागद म्हणजे अहवाल नव्हे, तो कच्चा माल आहे. त्यातले कोणते आकडे घ्यायचे, कोणते सोडायचे, त्यावरून एकच निदान कसं ठरवायचं आणि तपासणी करून घेणाऱ्या व्यक्तीला त्याचा अर्थ चार वाक्यांत कसा सांगायचा, हे अहवाल लिहिणाऱ्याने करायचं असतं. बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात. यंत्र सहसा चुकत नाही, पण यंत्राने छापलेलं जसंच्या तसं उतरवलं की अहवाल चुकतो.

पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. ६७ वर्षांच्या बाई, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, वजन ५२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. ६१व्या वर्षी घरात चालताना पडून मनगट मोडलं होतं. हाडांसाठी आजवर कोणतंही औषध घेतलेलं नाही. त्यांचे आकडे कल्पित आहेत, पण रोजच्या कामात असे आकडे वारंवार समोर येतात.

आकड्यांच्या आधी लिहायच्या गोष्टी

वय, लिंग, पाळी बंद झाली आहे की नाही आणि पूर्वीची फ्रॅक्चर्स, या चार गोष्टी अहवालाच्या वरच्या भागात हव्यातच. पुढचं वर्गीकरण कोणत्या मोजपट्टीने करायचं ते यांवर ठरतं. फ्रॅक्चर लिहिताना 'पूर्वी मनगटाचं फ्रॅक्चर' एवढंच लिहून भागत नाही. ते कसं झालं तेही लिहावं. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून मोडलेलं हाड हे ठिसूळपणाचं फ्रॅक्चर धरतात; वाहनाच्या अपघातात मोडलेलं तसं धरत नाहीत. आपल्या उदाहरणातलं मनगट ठिसूळपणाच्या खात्यात जातं, आणि या एका ओळीचा निकालावर किती परिणाम होतो ते पुढे दिसेल.

यंत्राची कंपनी आणि मॉडेलही लिहावं. ही कागदी औपचारिकता नाही. एकाच माणसाची कंबर दोन कंपन्यांच्या यंत्रांवर मोजली तर घनतेचा आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळा येऊ शकतो. जीई लूनरचा आकडा होलॉजिकपेक्षा वरचा असतो. यंत्राचं नाव नसलं तर दोन वर्षांनी येणारा अहवाल कशाशी ताडून पाहायचा हे कुणालाच कळणार नाही.

आधी चित्र पाहा

आकड्यांचा तक्ता उघडण्याआधी स्कॅनचं चित्र पाहायची सवय लावून घ्यावी. घनता म्हणजे हाडातलं खनिज, ग्रॅममध्ये, भागिले त्या हाडाच्या सावलीचं क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरमध्ये. खनिज खोटं वाढलं किंवा क्षेत्रफळ खोटं कमी झालं की घनता वाढलेली दिसते. हे एक सूत्र डोक्यात असलं की बहुतेक गडबडी आपोआप ओळखू येतात.

कंबरेच्या चित्रात मणके सरळ आणि मधोमध हवेत. वर बाराव्या छातीच्या मण्याचा थोडा भाग आणि खाली कटिहाडाची वरची कड दिसली पाहिजे, कारण त्यावरूनच मणे मोजता येतात. क्रमांक चुकला, म्हणजे छातीचा बारावा मणा कमरेचा पहिला मणा, एल-१, म्हणून धरला गेला, तर सगळा आकडा खाली सरकतो आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. क्रमांक बरोबर आहेत का हे आकड्यांवरूनही तपासता येतं: एल-१ पासून एल-४ पर्यंत खनिज आणि क्षेत्रफळ दोन्ही वाढत जातात. हा क्रम मध्येच मोडला तर क्रमांक चुकले आहेत, कडा चुकीच्या आखल्या आहेत किंवा एखाद्या मण्यातच काही बिघाड आहे.

बिघाडांमध्ये दोन नेहमीचे आहेत. पहिला म्हणजे वयामुळे मण्यांच्या सांध्यांत वाढलेलं हाड. ते खनिज म्हणून मोजलं जातं आणि घनता फुगते. दुसरा म्हणजे दबलेला मणा. मणा चेपला की त्याची उंची कमी होते, क्षेत्रफळ घटतं, खनिज मात्र तेवढंच राहतं. त्यामुळे मोडलेला मणा शेजारच्या धडधाकट मण्यापेक्षा दाट दिसतो. खुद्द फ्रॅक्चरमुळे आकडा सुधारतो, ही या तपासणीतली सगळ्यात फसवी जागा आहे. मागे मण्याची कमान काढण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर याच्या उलट होतं आणि आकडा खोटा खाली जातो. मण्यात भरलेलं सिमेंट, धातूचे स्क्रू, कपड्याचं बटण, पोटात न विरघळलेली कॅल्शियमची गोळी यांची सावलीही चित्रात शोधावी.

खुब्याच्या चित्रात मांडीचं हाड सरळ हवं आणि पाय आतल्या बाजूला १५ ते २५ अंश वळवलेला हवा. तो नीट वळला आहे की नाही हे मांडीच्या हाडावरच्या आतल्या छोट्या उंचवट्यावरून कळतं. तो जेमतेम दिसला तर ठीक; मोठा, टोकदार दिसला तर पाय पुरेसा वळलेला नाही. अशा वेळी हाडाची मान चित्रात आखूड दिसते, तेवढंच खनिज लहान सावलीत मावतं आणि घनता प्रत्यक्षापेक्षा जास्त येते. असं चित्र दिसलं तर स्कॅन पुन्हा घेणं हाच उपाय. अहवालात 'स्थिती समाधानकारक नाही' असं लिहून तोच आकडा वापरणं योग्य नाही.

जागेनुसार तक्ता

निदानासाठी तीनच जागा धरतात: कमरेचे मणके एल-१ ते एल-४ एकत्र, मांडीच्या हाडाची मान आणि एकूण खुबा. खुब्याच्या छापील कागदावर वॉर्डचा त्रिकोण आणि ट्रोकँटर यांचेही आकडे येतात, पण त्यांच्यावरून निदान करायचं नसतं. वॉर्डचा त्रिकोण म्हणजे यंत्राने शोधलेला लहानसा चौकोन; तिथला टी-स्कोअर वयानुसार फार खाली जातो आणि त्यावर विसंबलं तर निम्म्या म्हाताऱ्या माणसांना आजार लागल्यासारखं होईल. हे आकडे तक्त्यात न घेणंच बरं. एकदा घेतले की वाचणाऱ्याची नजर सगळ्यात लहान आकड्यावर जातेच.

मनगटाजवळच्या हाडाचा, म्हणजे रेडियसच्या एक तृतीयांश जागेचा, आकडा तीन प्रसंगी घ्यावा: कंबर किंवा खुबा मोजता येत नसेल, पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल किंवा वजन टेबलाच्या मर्यादेपलीकडे असेल तेव्हा.

आता उदाहरणातल्या कमरेचे आकडे पाहू.

| मणा | क्षेत्रफळ (चौ. सेंमी) | खनिज (ग्रॅम) | घनता (ग्रॅम/चौ. सेंमी) | टी-स्कोअर |
|---|---|---|---|---|
| एल-१ | १२.४० | ८.०८ | ०.६५२ | -२.५ |
| एल-२ | १३.६० | १०.०६ | ०.७४० | -२.६ |
| एल-३ | १५.०० | ११.७३ | ०.७८२ | -२.७ |
| एल-४ | १६.८० | १६.२१ | ०.९६५ | -१.४ |
| एल-१ ते एल-४ | ५७.८० | ४६.०८ | ०.७९७ | -२.३ |

शेवटची ओळ तेवढी उतरवली तर टी-स्कोअर -२.३ आणि वर्गीकरण 'हाडांचं प्रमाण कमी', म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, ऑस्टिओपोरोसिस, नाही. पण वरच्या चार ओळी वाचा. पहिले तीन मणे एकमेकांच्या जवळ आहेत आणि चौथा एकदम वर गेला आहे. नियम असा आहे की एखाद्या मण्याचा टी-स्कोअर शेजारच्या मण्यापेक्षा १.० हून जास्त वेगळा असेल तर त्याच्याकडे संशयाने पाहायचं. इथे एल-३ आणि एल-४ यांच्यातला फरक १.३ आहे. चित्रात एल-४ च्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांजवळ दाट पांढरे ठिपके दिसतात, म्हणजे तिथे झिजेमुळे वाढलेलं हाड आहे. आकडा आणि चित्र दोन्ही एकच गोष्ट सांगतात, म्हणून एल-४ वगळायचा.

वगळताना होणाऱ्या दोन चुका ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे उरलेल्या मण्यांच्या घनतेची साधी सरासरी काढणं. मणे सारख्या आकाराचे नसतात, म्हणून उरलेलं खनिज एकत्र करून उरलेल्या क्षेत्रफळाने भागायचं असतं. इथे ८.०८, १०.०६ आणि ११.७३ मिळून २९.८७ ग्रॅम, क्षेत्रफळ ४१.०० चौरस सेंटिमीटर, घनता ०.७२९. साधी सरासरी ०.७२५ येते. फरक लहान आहे, पण दोन वर्षांनी तुलना करताना असे लहान फरकच घात करतात. दुसरी चूक म्हणजे या नव्या घनतेचा टी-स्कोअर एल-१ ते एल-४ च्या संदर्भ आकड्यावरून काढणं. एल-१ ते एल-३ साठी संदर्भ वेगळा आणि कमी असतो. म्हणून हे गणित हाताने करण्यापेक्षा यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एल-४ ची खूण काढावी. ते नवी घनता आणि नवा टी-स्कोअर दोन्ही देतं. आपल्या उदाहरणात तो -२.६ येतो.

कमीत कमी दोन मणे उरले तरच कमरेचा आकडा निदानासाठी चालतो. एकच उरला तर कंबर सोडून द्यावी आणि दुसऱ्या जागेवर निदान करावं. आणि मणा वगळायला ठोस कारण हवं. सगळे मणे ठीक असताना फक्त सगळ्यात कमी आकड्याचे दोन निवडून निकाल खाली आणणं हीसुद्धा चूकच आहे.

तर अहवालातला अंतिम तक्ता असा:

| जागा | घनता (ग्रॅम/चौ. सेंमी) | टी-स्कोअर | झेड-स्कोअर | शेरा |
|---|---|---|---|---|
| कंबर, एल-१ ते एल-३ | ०.७२९ | -२.६ | -०.७ | एल-४ झिजेमुळे वगळला |
| मांडीच्या हाडाची मान, डावी | ०.६३० | -१.९ | -०.४ | स्थिती योग्य |
| एकूण खुबा, डावा | ०.७३५ | -१.७ | -०.६ | स्थिती योग्य |

घनता तीन दशांश स्थळांपर्यंत आणि स्कोअर एकच स्थळापर्यंत लिहावा. उणे चिन्ह टाइप करताना गळून जाण्याची चूक नेहमीची आहे आणि ती महागात पडते, म्हणून निष्कर्षात अंकांबरोबर 'उणे २.६' असं अक्षरीही लिहावं.

खुब्याचे टी-स्कोअर कुठून येतात हेही जाणून घेण्यासारखं आहे, कारण त्यावरून आकडा पडताळता येतो. जगभर खुब्यासाठी बहुधा अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या २० ते २९ वयाच्या गोऱ्या स्त्रियांचे आकडे संदर्भ म्हणून वापरतात. मानेसाठी सरासरी ०.८५८ आणि प्रमाण विचलन ०.१२०. आपली ०.६३० त्यातून वजा केली तर ०.२२८ ची तूट, तिला ०.१२० ने भागलं की १.९. कंपनीच्या सॉफ्टवेअरचा संदर्भ जरासा वेगळा असू शकतो, म्हणून एखाद्या दशांशाचा फरक चालतो. याहून जास्त तफावत दिसली तर संदर्भगट कोणता निवडला आहे ते सेटिंगमध्ये जाऊन पाहावं.

वर्गीकरण एकच, जागेगणिक नाही

'कंबर: ऑस्टिओपोरोसिस, मान: ऑस्टिओपेनिया, एकूण खुबा: ऑस्टिओपेनिया' असे तीन निकाल देणारे अहवाल सर्रास दिसतात. वाचणाऱ्याला त्यातून वाटतं की आजार कमरेत आहे आणि खुबा तसा बरा आहे. पण निदान माणसाचं असतं, जागेचं नसतं. तिन्ही योग्य जागांपैकी सगळ्यात खालचा टी-स्कोअर घ्यायचा आणि त्यावरून एकदाच वर्ग ठरवायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये दिलेल्या सीमा आजही वापरात आहेत. टी-स्कोअर -१.० किंवा त्याहून वर असेल तर सामान्य, -१.० च्या खाली पण -२.५ च्या वर असेल तर हाडांचं प्रमाण कमी, म्हणजे ज्याला ऑस्टिओपेनिया म्हणतात ते, -२.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. आणि -२.५ किंवा त्याखाली असून शिवाय ठिसूळपणाचं फ्रॅक्चर झालेलं असेल तर तीव्र ऑस्टिओपोरोसिस. बरोबर -२.५ ही किंमत आजाराच्या बाजूला मोडते, हे लक्षात असू द्यावं.

आपल्या बाईंचा सगळ्यात खालचा आकडा -२.६ आणि साध्या पडण्याने मोडलेलं मनगट. म्हणजे वर्ग: तीव्र ऑस्टिओपोरोसिस. यंत्राची शेवटची ओळ उतरवली असती आणि मनगटाची चौकशी केली नसती तर याच बाईंच्या कागदावर 'ऑस्टिओपेनिया' एवढाच शब्द आला असता. दोन पायऱ्यांचा फरक, आणि एकाही ठिकाणी यंत्र चुकलेलं नाही.

या सीमा सगळ्यांना लागू नाहीत. पाळी बंद झालेल्या किंवा बंद होत आलेल्या स्त्रिया आणि ५० व त्यापुढचे पुरुष यांच्यासाठी टी-स्कोअर. पाळी चालू असलेल्या स्त्रिया आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठी झेड-स्कोअर, म्हणजे समवयस्कांशी तुलना. तिथे शब्दही वेगळे: -२.० किंवा खाली असेल तर 'वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा कमी', त्याहून वर असेल तर 'वयाच्या मानाने अपेक्षित मर्यादेत'. पस्तिशीतल्या बाईच्या अहवालात फक्त आकड्यावरून 'ऑस्टिओपेनिया' लिहिणं चूक आहे. त्या शब्दाने नको ती काळजी आणि कधीकधी नको ते औषध तिच्या वाट्याला येतं.

वयस्कांच्या अहवालातही झेड-स्कोअर ठेवावा, पण वेगळ्या कामासाठी. तो -२.० च्या खाली गेला तर वयाखेरीज दुसरं कारण हाडं झिजवत असेल का, असा विचार डॉक्टरांनी करावा म्हणून. उदाहरणातल्या बाईंचे झेड-स्कोअर -०.४ ते -०.७ आहेत, म्हणजे त्यांच्या वयाच्या स्त्रियांपेक्षा थोडेसेच खाली. याचा अर्थ 'वयाच्या मानाने ठीक' असा घेऊन निश्चिंत होऊ नये, कारण या वयात कमी घनता नेहमीची असते आणि फ्रॅक्चरही नेहमीची असतात.

धोका: टी-स्कोअरवरून थेट सांगता येत नाही

घनता कमी म्हणजे धोका जास्त हे खरं आहे. खुब्याची घनता एका प्रमाण विचलनाने कमी असेल तर खुबा मोडण्याचा धोका सुमारे अडीचपट होतो. पण हा सापेक्ष धोका झाला. ५५ वर्षांच्या आणि ८० वर्षांच्या दोघींचा टी-स्कोअर -२.५ असला तरी पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता दोघींची अगदी वेगळी, कारण वय स्वतंत्रपणे धोका वाढवतं. पूर्वीचं फ्रॅक्चरही तसंच. म्हणून धोका सांगायचा तर घनतेबरोबर बाकीची माहिती घालून काढावा लागतो.

त्यासाठी सर्वाधिक वापरलं जाणारं गणकयंत्र म्हणजे शेफिल्ड विद्यापीठातून २००८ मध्ये आलेलं फ्रॅक्स. ते ४० ते ९० वयासाठी आहे. वय, लिंग, वजन, उंची, पूर्वीचं फ्रॅक्चर, आई किंवा वडिलांचा मोडलेला खुबा, सध्याचं धूम्रपान, स्टेरॉइड, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, हाडं झिजवणारी दुय्यम कारणं आणि रोज तीन किंवा जास्त युनिट मद्य, एवढं विचारून शेवटी मांडीच्या हाडाच्या मानेची घनता मागतं. कमरेची नाही, एकूण खुब्याचीही नाही. कमरेचा आकडा सगळ्यात वाईट म्हणून तोच तिथे भरणं ही ठरलेली चूक. आपल्या उदाहरणात निदान कमरेवरून झालं, पण फ्रॅक्समध्ये मानेची ०.६३० जाईल.

भरताना यंत्राची कंपनी निवडावी लागते. आकडा भरला की पडद्यावर टी-स्कोअर दिसतो. तो अहवालातल्या मानेच्या टी-स्कोअरशी जुळला पाहिजे. -१.९ च्या जागी -२.६ किंवा -१.२ दिसलं तर कंपनी चुकीची निवडली गेली आहे. देश योग्य निवडणंही तितकंच गरजेचं, कारण प्रत्येक देशातलं फ्रॅक्चरचं प्रमाण आणि आयुर्मान वेगळं धरलेलं असतं आणि त्याच माहितीवर उत्तर बदलतं.

उत्तरात दोन टक्केवाऱ्या येतात. पहिली म्हणजे पुढच्या दहा वर्षांत मोठं फ्रॅक्चर होण्याची शक्यता. 'मोठं' म्हणजे त्रास देणारं मण्याचं, मनगटाजवळचं, खांद्याचं किंवा खुब्याचं. दुसरी फक्त खुब्याची. दुसरी पहिलीतच धरलेली असते, म्हणून दोन्हींची बेरीज करायची नसते. उदाहरणासाठी समजा १८ टक्के आणि ३ टक्के अशी उत्तरं आली.

इथे कंबर मानेपेक्षा खाली आहे आणि फ्रॅक्सला ते माहीत नाही. यासाठी एक साधा हिशोब वापरतात: कंबर आणि मान यांच्या टी-स्कोअरमधल्या पूर्णांकात मोजलेल्या प्रत्येक एका फरकामागे मोठ्या फ्रॅक्चरच्या टक्केवारीत एक दशांशाची वाढ किंवा घट. इथला फरक ०.७, म्हणजे जवळचा पूर्णांक १. १८ चा दशांश १.८, सुधारित धोका सुमारे २० टक्के. खुब्याच्या ३ टक्क्यांना हात लावायचा नाही. ही दुरुस्ती केली असेल तर मूळ आणि सुधारित दोन्ही आकडे लिहावेत.

फ्रॅक्सला आणखी काही गोष्टी दिसत नाहीत. माणूस किती वेळा पडतो, फ्रॅक्चर एक झालं की चार, गेल्या वर्षी झालं की वीस वर्षांपूर्वी, स्टेरॉइड किती मिलिग्रॅम, हे ते विचारत नाही. यांपैकी काही लागू असेल तर 'प्रत्यक्ष धोका याहून जास्त असू शकतो' असं वाक्य अहवालात घालावं. अमेरिकेत मोठ्या फ्रॅक्चरसाठी २० टक्के आणि खुब्यासाठी ३ टक्के ही उपचाराचा विचार करण्याची सीमा धरतात. इतर देशांच्या सीमा वेगळ्या आहेत. म्हणून अहवालात सीमा लिहायची असेल तर ती कुठली हेही लिहावं.

साध्या भाषेतला परिच्छेद

हा परिच्छेद निष्कर्षाखाली स्वतंत्र ठेवावा. त्यात टक्क्यांऐवजी माणसं मोजावीत, ठरावीक मुदत सांगावी आणि न मोडणाऱ्यांचाही आकडा द्यावा. 'धोका दुप्पट' असं म्हटलं की कशाच्या दुप्पट हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि भीती तेवढी उरते. 'तुमची हाडं ऐंशी वर्षांच्या बाईसारखी आहेत' हे तर मुळीच लिहू नये. त्यातून धोका किती ते कळत नाही आणि माणूस चालायलाही घाबरतो. टी-स्कोअर म्हणजे टक्के नव्हेत हेही स्पष्ट सांगावं लागतं, कारण -२.६ चा अर्थ 'हाडं २६ टक्के गेली' असा करून घेणारे खूप भेटतात.

उदाहरणातल्या बाईंसाठी मजकूर असा होईल:

> तुमच्या कमरेच्या मण्यांमध्ये हाडाचं प्रमाण तरुण वयातल्या सरासरीपेक्षा बरंच कमी आहे (टी-स्कोअर उणे २.६). खुब्यातही ते कमी आहे, पण कमरेइतकं नाही. सहा वर्षांपूर्वी साध्या पडण्याने मनगट मोडलं होतं, ते धरून या स्थितीला तीव्र ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. 'तीव्र' हा शब्द आधी झालेल्या फ्रॅक्चरमुळे आला आहे.
>
> तुमच्यासारखं वय, बांधा, घनता आणि आधीचं फ्रॅक्चर असलेल्या १०० स्त्रिया घेतल्या, तर पुढच्या दहा वर्षांत त्यांपैकी सुमारे २० जणींचं मण्याचं, मनगटाचं, खांद्याचं किंवा खुब्याचं हाड मोडेल आणि सुमारे ८० जणींचं मोडणार नाही. त्या २० पैकी साधारण ३ जणींचा खुबा मोडेल. हा अंदाज उपचार न घेतलेल्या स्त्रियांचा आहे. तुम्ही कोणत्या गटात असाल हे ही तपासणी सांगू शकत नाही. पुढे काय करायचं ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

औषधाचं नाव आणि मात्रा या परिच्छेदात येऊ नये. मूत्रपिंडाचं काम, रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पाहिल्याशिवाय ते ठरत नाही, आणि स्कॅन वाचणाऱ्यासमोर ती माहिती नसते.

पुढच्या वेळेची तुलना

दोन वर्षांनी याच बाई त्याच यंत्रावर आल्या आणि एल-१ ते एल-३ ची घनता ०.७५१ आली असं समजा. टी-स्कोअर आता -२.४. कागदावर पाहिलं तर ऑस्टिओपोरोसिसची रेषा ओलांडून त्या ऑस्टिओपेनियात आल्या.

पण तुलना टी-स्कोअरची करायची नसते, घनतेची करायची असते, आणि तीही त्याच मण्यांची. या वेळी कुणी एल-४ धरून एल-१ ते एल-४ घेतला तर वाढ अवाढव्य दिसेल. वाढ ०.०२२, म्हणजे ३ टक्के. ती खरी की मोजणीतला हेलकावा, हे त्या केंद्राच्या स्वतःच्या मोजणीवरून ठरतं. त्यासाठी तंत्रज्ञ ३० जणांची प्रत्येकी दोनदा किंवा १५ जणांची प्रत्येकी तीनदा मोजणी करून चूक किती येते ते काढतो, तिला २.७७ ने गुणलं की सर्वांत लहान विश्वसनीय बदल मिळतो. कमरेसाठी चूक १.९ टक्के असणं ही चालण्याजोगी कमाल मर्यादा धरतात. त्यावरून बदल ५.३ टक्के, म्हणजे आपल्या ०.७२९ वर सुमारे ०.०३९. मानेसाठी तो ६.९ टक्के आणि एकूण खुब्यासाठी ५.० टक्के, म्हणून तुलनेला मानेपेक्षा कंबर आणि एकूण खुबा बरे.

०.०२२ ही ०.०३९ पेक्षा कमी, तेव्हा अहवालात लिहायचं: 'मागील तपासणीच्या तुलनेत कमरेच्या घनतेत लक्षणीय बदल नाही.' वर्गाच्या ओळीत 'तीव्र ऑस्टिओपोरोसिस, पूर्वी निदान झालेलं' तसंच राहतं. मोडलेलं मनगट इतिहासातून जात नाही, आणि टी-स्कोअर -२.४ झाला म्हणून ते निदान पुसलं जात नाही. त्या बाईंना सांगायचं वाक्य साधं आहे: घनता टिकून आहे, घटलेली नाही.